आजी ऐकते ते तेल नव्हेच

काकू, मी शिक्षिका आहे. चौथीच्या मुलांना वाचून दाखवायला एक गोष्ट लिहितेय. संक्रांतीचा दिवस आहे, आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ती पुडाच्या वड्या तळतेय आणि तेल तापलं की नाही हे आवाजावरून ओळखते. नातीला घाई झालीय, आजी तिला थांबायला शिकवते. मी लिहिलं, "तेल गुणगुणायला लागलं तशी आजी म्हणाली, आता सोड." माझा भाऊ हसला. म्हणाला, तेल तापताना आवाज करतच नाही. मग आजी ऐकते तरी काय? आणि ते थांबणं उपदेशासारखं वाटू नये म्हणून काय करू?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

भावाला एक वडी जास्त द्या, तो खरं बोलला. कोरड्या कढईत निव्वळ तेल ओतलं आणि खाली गॅस लावला, तर ते मुकाट्याने तापत जातं. पाण्याचं तसं नाही. पाणी आधी सूं करतं, मग गुरगुरतं, मग खदखदतं, आपली तब्येत ते स्वतःच सांगतं. तेल मात्र कोमट असताना जितकं शांत, तितकंच धुराला टेकलेलं असतानाही शांत. तुम्हाला जे गुणगुणणं आठवतंय, ते बहुतेक शेगडीच्या जाळाचं असावं, नाहीतर कढई नीट न पुसल्यामुळे खाली राहिलेल्या पाण्याचं.

म्हणजे आजी ऐकते ते पाणी. पिठात भिजलेलं पाणी, मिरचीतलं, सांबारातलं पाणी. (नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीसोबतचं सांबार वेगळं.) पिठाची गोळी गरम तेलात पडली की तिच्या अंगातल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1600 पट जागा मागते, आणि एवढी जागा त्या बिचाऱ्या गोळीत कुठून असणार? मग ती बुडबुड्यांनी बाहेर धावते, बुडबुडे तेलात फुटतात, आणि ते फुटणं म्हणजे आपलं चुर्र. तेल जितकं तापलेलं, तितकी वाफ घाईत. आजीचा कान ही घाई मोजतो. म्हणून तुमच्या गोष्टीत पहिली दुरुस्ती ही, की आजीने तेलात काहीतरी टाकल्याशिवाय तिला काही ऐकू येता कामा नये.

काय टाकायचं, यातही गंमत आहे. पत्र वाचलं त्या दिवशी मी मुद्दाम पुडाच्या वड्यांचा घाट घातला. मुलाने आणून दिलेला लांब दांड्याचा तापमापक मेथीच्या डब्यामागे धूळ खात पडला होता, तोही काढला. छोट्या लोखंडी कढईत अर्धा लिटर फल्लीचं तेल घेतलं, आच मध्यम ठेवली आणि शेगडीकडे पाठ करून उभी राहिले. नातवाला म्हटलं, तू टाक, मी ऐकते. नातू 22 वर्षांचा आहे हो, काळजी नको.

तेल 120 अंशांवर असताना त्याने पारीच्या पिठाची ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी टाकली. मला काहीच ऐकू आलं नाही. तो म्हणाला, तळाशी बसलीय, कडेने चार-दोन बुडबुडे येताहेत. मग त्याने आपल्या मनाने सांबाराचं धुतलेलं पान टाकलं, आणि काय सांगू, असं फाडकन तडतडलं की मी दचकून मागे वळले. त्याच तेलात, त्याच मिनिटाला! कारण उघड आहे. पानावरचं पाणी मोकळं असतं, तेल 100 अंशांच्या थोडं वर गेलं की ते उडायला लागतं. पीठातलं पाणी कोंडलेलं असतं, त्याला बाहेर यायला जास्त जोर लागतो. तेव्हा पानावर विसंबून वड्या सोडल्या असत्या तर त्या तेल पीतच बसल्या असत्या. जे तळायचं त्याच पिठाची गोळी टाकायची. तुमच्या आजीलाही हे ठाऊक असू द्या. नात हौसेने पान टाकेल, तडतड ऐकून नाचेल, आणि आजी म्हणेल, हे पान लबाड आहे. मुलांना हे फार आवडेल असं मला वाटतं.

140च्या आसपास गोळी खाली गेली, थोडी रेंगाळली आणि आळसावत वर आली. आवाज होता, पण तुटक, दुरून कोणी सुपात तांदूळ हलवावे तसा. 160 ते 165ला खरी गोष्ट घडली. गोळी तळाला टेकली, मी मनात एक, दोन, तीन म्हणेपर्यंत वर आली, आणि एकसारखा बारीक चुर्र सुरू झाला. मध्ये तुटत नाही, वाढत नाही, दबत नाही. पुडाच्या वडीला हवा तो हाच. 200च्या पुढे गेल्यावर गोळी तळाला पोचलीच नाही. छर्र असा मोठा आवाज झाला आणि तो लगेच थांबलाही, कारण एवढ्याशा गोळीत पाणी ते किती, क्षणात संपलं. पाहिलं तर गोळी काळी पडलेली. हे दोन आवाज कानाने वेगळे करता येणं म्हणजे आजीची विद्या. मोठा आवाज म्हणजे चांगलं तेल, असं नवख्याला वाटतं. आजी आवाज किती मोठा हे बघत नाही, तो किती वेळ टिकतो हे बघते.

आता हे तीन मोजणं पुडाच्या वडीचं. पुरीला गोळी टाकल्याबरोबर वर यायला हवी, तिला तेल जास्त तापलेलं लागतं, नाहीतर ती फुगत नाही. वडीचं उलटं. बेसन आणि कणकेची पारी, तिला मोहन घातलेलं, वरून चिंचेचं पाणी आणि मसाल्याचं तेल चोपडलेलं, आत सांबार, सुकं खोबरं, खसखस, तीळ, चारोळी, आणि मग पाकिटासारखी घडी. घडी म्हणजे दोन-तीन ठिकाणी पारीवर पारी. तेल कडक असेल तर बाहेरचा पापुद्रा लाल होतो आणि घडीच्या आतलं पीठ कच्चंच राहतं, दाताला चिकटतं. तेव्हा तुमच्या गोष्टीत आजी वड्या तळते हे उत्तम निवडलंत, थांबण्याला इथे काम आहे. भजी असती तर एवढी थांबण्याची गरज नव्हती.

आणि हो, सांबार. जानेवारीत कॉटन मार्केटात जुड्यांचे ढीग लागतात तेव्हाच ही वडी खरी. पण जुडी धुऊन लगेच चिरली आणि सारण ओलं राहिलं, तर आत वाफ कोंडते आणि वडी तेलात तोंड उघडते. सारण बाहेर आलं की तेल उसळतं, तडतडतं आणि पुढच्या सगळ्या वड्यांना खालचा जळका चुरा चिकटतो. म्हणून सांबार आदल्या रात्री निवडून, धुऊन, धोतराच्या कापडावर पसरून ठेवायचा. तळताना मध्येच फाट असा आवाज आला तर आजी न पाहताच म्हणेल, एक फुटली. तीही पाण्याचीच भाषा.

उपदेशाबद्दल विचारलंत. माझ्या मते अडचण उपदेशाची नाही, अडचण अशी की तुमच्या गोष्टीत थांबणं रिकामं आहे. नात उभी आहे, आजी म्हणते थांब, मग तेल तापतं, मग सोड. त्यात नातीला काही करायला नाही आणि ऐकणाऱ्या पोरांनाही नाही. त्या थांबण्यात तीन-चार गोळ्या टाका, प्रत्येक गोळीला वेगळा आवाज द्या, म्हणजे पोरं वर्गात स्वतःच ओरडतील, आता! किंवा, अजून नाही! आजीला एक अक्षर बोलावं लागणार नाही.

दुसरं, थांबणं म्हणजे तेल तापायची वाट पाहणं एवढंच धरू नका. तेल जास्त तापलं तर गॅस बंद करूनही थांबावं लागतं, आणि लहान मुलाला हे जास्त अवघड जातं. आता तर तापलंय, मग का नाही? माझ्या आजीने मला पहिल्यांदा रडवलं ते इथेच. आमच्याकडे तेव्हा चूल होती. मी एका मागोमाग दोन लाकडं आत सारली, तेल फार तापलं, आणि आजीने चिमट्याने लाकडं बाहेर ओढून मला ओट्यावर बसवून ठेवलं. पाहुणे पानावर बसलेले, आणि आम्ही दोघी गार होत जाणाऱ्या कढईकडे पाहत बसलेल्या. मी सहा वर्षांची असेन. ती दर थोड्या वेळाने एक गोळी टाकायची आणि मान हलवायची. छर्र. नाही. छर्र. नाही. चुर्र. हं.

एक नमुना लिहून पाहिला. जसाच्या तसा घेऊ नका, तुमच्या आजीच्या तोंडचं बोलणं तुम्हालाच माहीत.

बाहेर गच्चीवर भोंगा लागला होता. "ओ काट!" असा गलका उठला तशी आजी म्हणाली, "खिडकी लाव व बाई. मले आयकू येऊन नाही राहिलं."

छकुलीने खिडकी लावली. ताटात बारा वड्या ओळीने बसल्या होत्या. छकुली ओट्यापासून दोन हात लांब, पाटावर उभी होती. त्याच्या पुढे यायचं नाही, असं ठरलं होतं.

"आजी, तापलं तेल. मला दिसून राहिलं."

"काय दिसून राहिलं?"

छकुलीने पाहिलं. तेल गप्प होतं. काहीच दिसत नव्हतं.

आजीने पिठाची गोळी टाकली. दोघींनी कान दिले. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली, दुसरं काही नाही.

"झोपली," छकुली म्हणाली.

मग तिने ताटाखालचं सांबाराचं पान उचललं आणि आजीच्या हातात दिलं. आजीने ते सोडलं. तडतडतड! छकुली टाळ्या पिटत म्हणाली, "झालं! सोड, सोड!"

"पानाचं नको आयकू, लबाड असते थे. ओलं आहे ना. गोळीले विचार."

दुसरी गोळी खाली गेली. बऱ्याच वेळाने वर आली. चुर्. चुर्. मध्येच थांबायची.

"अडखळून राहिली," छकुली म्हणाली. आजी हसली आणि तिसरी गोळी करायला पीठ चिमटीत घेतलं. तेवढ्यात फोन वाजला. मावशीचा होता. आजी बोलत राहिली. छकुली वड्या मोजत राहिली. बाराच होत्या.

आजीने परत येऊन गोळी टाकली. छर्र!

"आता!" छकुली ओरडली.

आजीने काही न बोलता गॅस बंद केला.

"काऊन व आजी? तापलं ना!"

"किती वेळ बोलली थे?"

छकुलीने आठवून पाहिलं. छर्र झालं आणि संपलं. कढईत काळा ठिपका फिरत होता.

"एवढंच," ती म्हणाली.

"मंग?"

छकुली पाटावरून उतरली आणि पाटावरच बसली.

इथे थांबा. पुढची गोळी चुर्र बोलेल तेव्हा कोणी सांगायचं, आजीने की छकुलीने, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पाट दोन हात लांब का ठेवला तेही सांगते. तुम्ही वाचून दाखवणार, आणि एखादं पोर घरी जाऊन करून पाहणार. गोळी आणि पान दोन्ही आजीच्या हातून पडू द्या, पोरीच्या हातून नाही. काही घरांत तेल तापलं का बघायला पाण्याचे शिंतोडे मारतात. ते गोष्टीत अजिबात आणू नका. पाणी तेलापेक्षा जड, थेंब खाली जातो, तिथे त्याची वाफ होते आणि ती वरचं तेल घेऊनच उडते. तेल धुरावलं तर गॅस बंद करून कढई आहे तिथेच राहू द्यायची, उचलायची नाही, पाणी ओतायचं नाही, जाळ धरलाच तर मोठं झाकण ठेवायचं. आजीला धूर दिसणार नाही पण वास येईल. तुमच्या गोष्टीत धूर येऊ न देणंच बरं.

वड्या सोडल्यावरचंही थोडं लिहा, कारण आजीचा कान तिथे संपत नाही. चार वड्या पडल्या की तेल एकदम थंडावतं आणि चुर्र जरा खाली बसतं, मग सावरतं. सहा सोडल्या की बसतं ते सावरतच नाही, वड्या मऊ पडतात, तेल पितात. छकुली म्हणेल, सगळ्या सोड ना. बारा वड्या, चार-चारचे तीन घाणे, आणि दोन घाण्यांमध्ये पुन्हा गोळी. माझ्या छोट्या कढईला मधला वेळ मिनिटभर लागला. शेवटी वडीतलं पाणी सरत आलं की आवाज पातळ होत जातो, बुडबुडे बारीक होतात, आणि मग जवळजवळ गप्प. तेव्हा झाऱ्याने काढायची. तेल पुन्हा मुकं झालं की वडी झाली. पहिल्या मुकेपणाला तेल गार असतं आणि या मुकेपणाला वडी तयार असते, हा फरक पोरांनी पकडला तर तुमची गोष्ट त्यांनी नीट ऐकली असं समजा.

बारीकसारीक दोन गोष्टी. पोह्यांच्या फोडणीत मोहरी तडतडते, तो आवाज इथे आणू नका. मोहरी तडतडते ते तिच्या आतली वाफ साल फोडते म्हणून. चमचाभर तेलासाठी ती खूण ठीक आहे, पण तळणाच्या तेलात मोहरी कोणी टाकत नाही, आणि टाकली तर प्रत्येक वडीला चिकटेल. दुसरं, कढई. तुम्ही कुठली ते लिहिलेलं नाही. जाड लोखंडी लिहा. ती तापायला वेळ घेते, पण घाणा टाकल्यावर फार थंडावत नाही, आणि गॅस बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते, म्हणजे छकुलीला पाटावर बसायला पुरेसा अवकाश मिळतो. पातळ अल्युमिनियमची कढई असती तर तेल चटकन निवलं असतं आणि तुमचा प्रसंग आटोपला असता.

कढी मात्र आजीला आधी करून ठेवायला लावा. पुडाच्या वडीसोबत कढी हवीच, आणि तळण सुरू झालं की शेजारच्या शेगडीवर खदखदणारी कढी चालायची नाही. तिच्या आवाजात गोळीचं चुर्र बुडून जाईल.

— काकू